दारात आलेला प्रगणक कोणाचा?

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने मराठा आणि खुल्या प्रवर्गातील घरांचे सर्वेक्षण केले, तेव्हा प्रगणक मोबाइलमधील अ‍ॅपवर उत्तरे भरत होते. असा कुणी उद्या विश्रामबागेत तुमच्या दारात आला, तर गळ्यातले ओळखपत्र पुरेसे समजू नका. ते कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात बनते. नाव, खाते आणि नेमणूक करणाऱ्या कार्यालयाचे नाव विचारून कागदावर लिहून घ्या. मग सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेला फोन करा, पण त्याने दिलेल्या नंबरवर नको, घरपट्टीच्या पावतीवरच्या किंवा पालिकेच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर. फोन लागेपर्यंत त्याला जाळीच्या दाराबाहेरच थांबू द्या. मतदारयादीचे काम सांगत असेल, तर १९५० वर आपल्या भागाच्या बीएलओचे नाव विचारा.

खरी पारख मागणीत आहे. जनगणनेत प्रश्नांची उत्तरे तोंडी द्यायची असतात, आणि ती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय राहतात. बँक खाते, ओटीपी किंवा अंगठ्याचा ठसा मागितला, की बोलणे तिथेच थांबवा. ओटीपी दिला, तर तुमच्या आधारवरून किंवा खात्यातून दुसऱ्याला व्यवहार करता येतो. आधारची प्रत द्यावीच लागली, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्या आणि तिच्यावर कारण व तारीख लिहा. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांना हे आजच सांगून ठेवा.