अंधारातले जांभळे चट्टे

त्रिपुरी पौर्णिमेचे फोटो यंदाही ढिगाने आले. दीपमाळा, घाट, पाण्यावर सोडलेल्या पणत्या, सगळं तुम्ही पाहिलंच असेल. मला बोलायचंय ते पहिल्या पानावर जाता जाता राहिलेल्या एका फोटोबद्दल. वाईच्या गणपती घाटावर एक आजी वाकून पणती लावतायत. अंगावर गडद हिरवं इरकली लुगडं, पिकलेले केस, कपाळावर मोठं कुंकू आणि मागे घाटाच्या काळ्या पायऱ्या. आयएसओ ६४००, अॅपर्चर एफ २, शटर १/१२५. क्षण अचूक टिपलेला होता. पण पानावर बसवल्यावर पायऱ्यांवर जांभळे-हिरवे चट्टे उठून दिसायला लागले, भिंतीला ओल आल्यावर दिसतात तसे.

आमच्या छपाईपूर्व विभागातले काका तीस वर्षं फोटो दुरुस्त करतायत. त्यांनी फोटो पडद्यावर मोठा करण्याऐवजी आधी लहान केला. ‘शंभर टक्क्यांवर दाणा दिसतो ताई, चट्टा दिसत नाही. चट्टा बघायला चार पावलं मागं जावं लागतं,’ ते म्हणाले. या एका वाक्यात निम्मा विषय आला.

आपण सरसकट ज्याला ‘नॉइज’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे उजेडातला चढउतार. शेजारशेजारचे पिक्सेल थोडे कमी-जास्त उजळ होतात आणि वाळूसारखा बारीक दाणा दिसतो. दुसरा चढउतार रंगातला. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते. १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना पेटंट मिळालेल्या या रचनेत निम्मे बिंदू हिरवे असतात, पाव लाल आणि पाव निळे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे एका बिंदूची चूक शेजारच्यांवरही पसरते, आणि अशा चुका एकमेकींत मिसळल्या की दाण्याऐवजी रंगाचा डाग तयार होतो.

पणतीच्या उजेडात हे दुखणं वाढतं. त्या ज्योतीचं रंगतापमान साधारण १९०० केल्विन असतं, म्हणजे लाल-पिवळा भरपूर आणि निळा जेमतेम. आपण व्हाइट बॅलन्स ‘बरोबर’ करायला जातो तेव्हा लाल जवळजवळ तसाच राहतो, पण निळ्याला तिप्पट-चौपट ताणावं लागतं. मुळात मूठभर आलेल्या त्या निळ्यासोबत त्याची चूकही तितकीच ताणली जाते. पायऱ्यांवरचे चट्टे जांभळे होते ते यामुळे.

पानावर ते जास्त का दिसले? फोटो सहा हजार पिक्सेल रुंद होता, पानासाठी तो दीड हजारांवर आणला. प्रत्येकी सोळा पिक्सेलांचा एक झाला. त्या सरासरीत बारीक दाणा जवळपास चौथाईवर येतो, पण तीस पिक्सेल रुंदीचा चट्टा सात-आठ पिक्सेलांचा होऊन जागच्या जागी राहतो. लोक दाण्याच्या मागे लागतात आणि दाणा तर लहान करतानाच विरघळून जातो. माझं ठाम मत आहे की मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत चेहरे छापून येतात, ते बहुतेक या चुकीच्या पाठलागामुळे.

उपाय डोळ्याच्या एका सवयीवर उभा आहे. उजेडातला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. केसाची बट, लुगड्याची वीण, दगडाचा खरखरीतपणा हे जवळजवळ सगळं उजेडात साठवलेलं असतं. म्हणून रंग बराच पुसला तरी चालतो, उजेडाला मात्र जपून हात लावायचा.

काकांनी मूळ रॉ फाइल लाइटरूममध्ये उघडली आणि नॉइजच्या पट्ट्यांकडे न जाता आधी दोन गोष्टी मागे घेतल्या. अंधार उजळवायला छायाचित्रकाराने Shadows ७० पर्यंत चढवलं होतं, ते ३५ वर आणलं. Temp २१०० होतं, ते २६०० केलं, म्हणजे चित्र थोडं पिवळसर राहू दिलं. पणतीचा उजेड पिवळाच असतो, आणि निळ्यावरचा ताणही त्यामुळे कमी झाला. एवढ्यानेच बरेच चट्टे अंधारात परत गेले.

मग Color ची पट्टी. ती मुळात २५ वर असते, त्यांनी ४५ केली. खरं काम केलं तिच्या खालच्या Smoothness ने. मोठ्या, पसरट डागांसाठीच ती असते. ५० वरून ९० वर नेताच पायऱ्या करड्या झाल्या. मधली Detail ची पट्टी त्यांनी मला दाखवण्यासाठी २० वर आणली, तर कुंकवाचा लाल रंग कपाळावर उतरला आणि लुगड्याचा लाल काठ हिरव्यात पाझरला. ९० वर नेली तर लाल-निळे ठिपके परत आले. ती ५० वरच ठेवली. रंग जास्त पुसला गेलाय का, हे तपासायची जागा हीच: लहान आणि गडद रंगाची वस्तू शोधायची आणि तिची कड बघायची. कुंकू, हिरव्या बांगड्या, काठाचा धागा फिकट झाला की हात आवरायचा.

तरीही दोन पायऱ्यांच्या सांध्यात डाग उरले होते. तिथे त्यांनी फक्त गडद भागांचा मास्क घेऊन Saturation २५ ने उतरवलं. दगडाला रंग नाहीच, त्यामुळे तिथे काही हरवत नाही. लुगडं गडद असलं तरी रंगीत आहे, म्हणून ते ब्रशने मास्कमधून वगळलं.

उजेडाच्या Luminance ला फक्त १२ दिलं. ५० वर नेऊन बघितलं, तर कानामागचे पिकलेले केस एकमेकांना चिकटून कापूस झाले. शेवटी शार्पनिंग, तेही Masking ७० वर ठेवून. Alt दाबून ती पट्टी सरकवली की पडदा काळा-पांढरा होतो आणि पांढऱ्या भागावरच धार चढते. केस, काठ, चेहऱ्याच्या सुरकुत्या पांढऱ्या दिसल्या, पायऱ्या काळ्या. पायऱ्या पांढऱ्या दिसल्या असत्या, तर उरलेल्या दाण्यालाच धार लागली असती.

हे सगळं रॉ फाइल असली तरच. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या जेपेगमध्ये कॅमेऱ्याने रंग आधीच घोटून, दाबून टाकलेला असतो. तेव्हा फोटोशॉपमध्ये चित्र Lab मध्ये नेऊन फक्त a आणि b या रंगांच्या चॅनलना ब्लर द्यायचा आणि L ला हात लावायचा नाही, एवढंच हातात राहतं. मात्र साधा ब्लर कड ओळखत नाही, म्हणून कुंकू आणि काठ आधी निवडीतून बाहेर काढायला हवेत.

लुगड्याच्या निऱ्यांमध्ये एक खोल सावली होती. ती उजळून आत वीण दिसते का, म्हणून मी हट्ट धरला. काकांनी उजळून दाखवली. आत वीण नव्हती, नुसते जांभळे ठिपके होते. तिथे उजेड पोचलाच नव्हता. त्यांनी ती सावली पुन्हा काळी केली आणि फोटो छपाईला पाठवला. पायऱ्यांवर बारीक दाणा राहिला, तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता. छापलेल्या पानावर मी तो शोधला, तर तिथे नुसता दगडाचा खरखरीतपणा दिसत होता.