वहीतल्या दोन पानांच्या सहा स्लाइड्स कशा करायच्या?

सेट-नेटचा अभ्यास करणारे चार-पाच जण आठवड्यातून एकदा बसतात आणि प्रत्येकजण एकेक टॉपिक इतरांना शिकवतो, ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यासाठी स्लाइड्स करायला बसलं की बहुतेकजण एकच गोष्ट करतात: वही उघडायची, पहिल्या ओळीपासून टाइप करायला लागायचं, संपलं की थांबायचं. वीस स्लाइड्स होतात, सगळे त्यांचे फोटो काढतात, आणि पुढच्या आठवड्यात कुणालाच काही सांगता येत नाही. असं का होतं आणि त्याऐवजी काय करायचं, ते आज एकाच उदाहरणावरून बघू.

रॉड रॉस्को आणि मिशलीन ची या दोन संशोधकांनी 2007 साली, एकमेकांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. शिकवल्याने शिकवणाऱ्यालाही विषय जास्त कळतो, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्यांना दिसलं की हा फायदा अनेकदा अपेक्षेपेक्षा कमीच मिळतो, कारण शिकवणारे बहुतेक वेळा स्वतःला आधीच माहीत असलेलं फक्त सांगून मोकळे होतात. फायदा होतो तो सांगता सांगता स्वतःची समज तपासली, तुकडे जोडले, ‘असं का?’ या प्रश्नाशी झटापट केली तर. वहीतून स्लाइड उतरवताना नेमकी हीच झटापट टळते.

आता उदाहरण. टॉपिक आहे एन्झाइमचं कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशन. वहीत साधारण हे असतं: व्याख्या, कुलूप-किल्लीचं चित्र, समीकरण, लाइनवीव्हर-बर्क आलेख आणि शेवटी चौकटीत एक ओळ: ‘Vmax तोच, Km वाढतो.’

पहिलं काम म्हणजे वही बंद करा. कोऱ्या कागदावर, ऐकणाऱ्याला शेवटी जे पटलेलं असायला हवं ते पूर्ण वाक्यांत लिहा. चार-पाच वाक्यं पुरतात. चौकटीतली ओळ तुम्हाला लगेच आठवेल. तिच्यापुढे ‘का?’ लिहा. Vmax तोच का राहतो? आणि Km वाढतो म्हणजे एन्झाइम बदललं का? जिथे पेन थांबेल तिथेच तुमची खरी तयारी करायची आहे. वही आणि पाठ्यपुस्तक आता उघडा, ते याच दोन प्रश्नांसाठी.

उत्तर असं: इनहिबिटर सबस्ट्रेटचीच जागा अडवतो, पण कायमची नाही. सबस्ट्रेट खूप वाढवला तर जागा बहुतेक वेळा त्यालाच मिळते, म्हणून कमाल वेग तोच राहतो. सबस्ट्रेटला धरून ठेवायची एन्झाइमची स्वतःची क्षमता बदललेली नसते. अर्ध्या वेगापर्यंत पोचायला जास्त सबस्ट्रेट लागतो, एवढंच. म्हणून वाढतो तो ‘दिसणारा’ Km.

दुसरं काम, हे आकड्यांत घाला. सोपे आकडे घ्या: Vmax 100, Km 2 मिलिमोलर, आणि इनहिबिटर इतका की `[I] = Ki`.

```
v = Vmax[S] / (Km(1 + [I]/Ki) + [S])

[S]    इनहिबिटरशिवाय    इनहिबिटरसह
2          50              33
4          67              50
36         95              90
200        99              98
```

कंसातलं पद 2 झालं, म्हणून दिसणारा Km 4 झाला. फरक सुरुवातीला मोठा आहे आणि शेवटी जवळजवळ पुसला जातो. ‘Vmax तोच, Km वाढतो’ या ओळीचा सगळा अर्थ या चार ओळींत आहे, आणि तो ऐकणाऱ्याला स्वतः बघता येतो.

आता स्लाइड्स. वीस मिनिटांसाठी सहा पुरतात. पहिलीवर फक्त प्रश्न: मिथेनॉलच्या विषबाधेत डॉक्टर इथेनॉल का देऊ शकतात? दुसरीवर इनहिबिटरशिवायचा वक्र. तिसरीवर वरचाच तक्ता, पण शेवटचा रकाना रिकामा. इथे तुम्ही गप्प बसायचं आणि सगळ्यांना अंदाज लिहायला सांगायचं. चौथीवर भरलेला तक्ता आणि दोन्ही वक्र एकत्र. पाचवीवर लाइनवीव्हर-बर्क. सहावीवर न शिकवलेला एक प्रश्न. समीकरणाची सिद्धता स्लाइडवर टाकू नका. ती फळ्यावर किंवा कागदावर पायरी-पायरीने करायची गोष्ट आहे. आयती दिसली की डोळे नुसते तिच्यावरून घसरतात.

प्रत्येक स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य असू द्या. मायकेल ॲली यांनी वैज्ञानिक सादरीकरणांसाठी हाच आग्रह धरलाय: वर दावा आणि खाली त्याचा पुरावा, तोही चित्रात किंवा आकड्यांत. म्हणजे चौथ्या स्लाइडवर ‘कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशन’ असं न लिहिता ‘सबस्ट्रेट पुरेसा वाढवला की इनहिबिटरचा परिणाम जवळजवळ संपतो’ असं लिहा. असं वाक्य सुचत नसेल, तर ती स्लाइड कशासाठी आहे हे अजून ठरलेलं नाही असं समजा. बाकीचा मजकूर तोंडानं सांगायचा. जे बोलताय तेच शब्द पडद्यावरही असले, तर समोरचा वाचू की ऐकू यात अडकतो.

पाचव्या स्लाइडपाशी जपून. वहीतली हाताने काढलेली आकृती तशीच उतरवू नका, वरच्या आकड्यांवरून काढा. दोन्ही रेषा उभ्या अक्षावर `1/Vmax`, म्हणजे 0.01 ला भेटतात. आडव्या अक्षावरचा छेद `-1/Km` असतो, तो -0.5 वरून -0.25 ला, म्हणजे शून्याच्या जवळ येतो. ‘Km वाढला’ हे डोक्यात असल्याने अनेकजण घाईत तो उलट, लांब सरकवतात. वहीतली अशी चूक स्लाइडवर चढली की पाच जणांच्या वहीत जाते, आणि गटात ती पकडायला शिक्षक नसतात.

सहाव्या स्लाइडवर हे द्या: दुसऱ्या एका इनहिबिटरसह `[S] = 2` ला वेग 25 आणि `[S] = 200` ला 49.5 आला. हा कॉम्पिटिटिव्ह आहे का? ज्याला कळलंय तो म्हणेल, नाही. सबस्ट्रेट वाढवूनही वेग निम्म्यावरच अडकलाय, म्हणजे Vmax खाली आलाय. ज्याने नुसती चौकटीतली ओळ पाठ केलीय तो Km शोधत बसेल. कुणाला कळलं आणि कुणाला नाही, हे ‘समजलं का?’ विचारून कळत नाही, कारण सगळे मान डोलावतात. या प्रश्नावर कळतं.

मग पहिल्या स्लाइडवर परत जा आणि उत्तर दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावा. मिथेनॉलचं घातक रूपांतर जे एन्झाइम करतं, त्याची जागा इथेनॉल अडवतं; ते स्वतःही सबस्ट्रेटच आहे, आणि या एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. त्यामुळे फॉर्मिक ॲसिड तयार होणं मंदावतं आणि मिथेनॉल शरीराबाहेर काढायला वेळ मिळतो. एवढं झाल्यावर कुणी विचारलं, ‘मिथेनॉल फारच जास्त असेल तर?’, तर उत्तर लगेच देऊ नका. तिसऱ्या स्लाइडवरचा तक्ता पुन्हा उघडा आणि विचारणाऱ्यालाच शोधू द्या.