फोटोतल्या किरणाकृतीवरून प्रतिमा शोधताना

भिंगाच्या किंवा आरशाच्या उदाहरणात बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारलेल्या असतात: प्रतिमा कुठे तयार होईल आणि ती वस्तूच्या किती पट असेल. उदाहरण अंकांत दिले असेल तर सूत्र वापरले की उत्तर येते. मात्र हल्ली वहीत किंवा फळ्यावर काढलेल्या किरणाकृतीचा मोबाइलवर काढलेला फोटोच समोर येतो आणि त्यावरून उत्तर काढायचे असते. अशा फोटोतल्या सगळ्याच गोष्टी सारख्या भरवशाच्या नसतात. सरळ रेषा फोटोतही सरळ राहते आणि दोन किरण जिथे छेदतात तो छेदबिंदूही तोच राहतो. सेंटिमीटर मात्र तेच राहत नाहीत.

म्हणून पट्टी हातात घेण्याआधी प्रकाशाची दिशा पाहावी. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या कार्टेशिअन चिन्ह संकेतानुसार सर्व अंतरे भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून किंवा आरशाच्या ध्रुवापासून मोजतात. आपाती प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेने मोजलेले अंतर धन, उलट दिशेचे ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. पुस्तकात वस्तू नेहमी डावीकडे काढलेली असल्यामुळे ‘डावीकडचे ऋण’ एवढेच डोक्यात बसते. फोटो उलटा आला असेल किंवा आकृतीच उजवीकडून डावीकडे काढलेली असेल, तर हे पाठांतर दगा देते. किरणावरचा बाण पाहिला की शंका उरत नाही: वस्तू कोणत्याही बाजूला दिसो, तिच्यापासून प्रकाश भिंगाकडे येतो, त्यामुळे तिच्याकडे मोजलेले अंतर प्रकाशाच्या उलटच असते आणि `u` ऋणच येते.

एक उदाहरण घेऊ. बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती चौकटींच्या वहीत काढली आहे. नाभीय अंतर १२ सेंमी असल्याचे प्रश्नात लिहिले आहे, बाकी सर्व आकृतीवरून शोधायचे आहे. फोटोच्या छापील प्रतीवर प्रकाशीय केंद्रापासून नाभी ३० मिमीवर भरते, वस्तू ४५ मिमीवर. म्हणजे कागदावरचा १ मिमी प्रत्यक्षात ०.४ सेंमी दाखवतो आणि वस्तू भिंगापासून १८ सेंमीवर आहे. वस्तूच्या टोकापासून निघालेला एक किरण अक्षाला समांतर येऊन भिंगापलीकडे नाभीतून जातो, दुसरा प्रकाशीय केंद्रातून न वळता सरळ जातो. हे दोन्ही किरण भिंगाच्या पलीकडे, अक्षाखाली, सुमारे ८८ मिमीवर छेदतात. मापनपट्टीनुसार हे अंतर ३५.२ सेंमी होते.

आता सूत्राने पडताळा घ्यावा. भिंगाचे सूत्र आणि त्यात `u = −18`, `f = +12` या किमती घातल्यावर:

```
1/v − 1/u = 1/f
1/v = 1/12 − 1/18 = 1/36
v = +36,  M = v/u = 36/(−18) = −2
```

उत्तर ३६ सेंमी. `v` धन आहे, म्हणजे प्रतिमा भिंगापलीकडे, वास्तव आहे. विशालन ऋण आहे, म्हणजे प्रतिमा उलटी आहे. फोटोत वस्तूची उंची १५ मिमी आणि प्रतिमेची २९ मिमी भरली तर गुणोत्तर १.९३ येते. अंतरांचे गुणोत्तर, ८८ भागिले ४५, १.९६ येते. दोन्ही २ च्या जवळ आहेत, तेव्हा आकृती नीट वाचली गेली आहे. विशालन हे गुणोत्तर असल्याने त्यासाठी मापनपट्टीचीही गरज पडत नाही. फोटो मोठा केला काय किंवा लहान, ते बदलत नाही. उंचीसाठी आणि अंतरासाठी वेगवेगळे प्रमाण वापरून काढलेल्या आकृतीतही ते बरोबरच मिळते, कारण दोन्ही उंच्या एकाच प्रमाणात बदललेल्या असतात.

मग ३५.२ आणि ३६ यांत फरक का पडला? कारण दोन किरण एकमेकांना बरेच तिरके छेदतात. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, त्यामुळे छेदबिंदू नेमका न राहता अक्षाच्या दिशेने लांबट होतो. शिवाय वस्तूचे अंतर मोजताना झालेली चूक प्रतिमेच्या अंतरात वाढून उतरते आणि चूक लहान असेल तोवर ही वाढ साधारण विशालनाच्या वर्गाइतकी असते. या उदाहरणात विशालन २ आहे, म्हणून कागदावर १ मिमीची चूक झाली तर प्रतिमा सुमारे ४ मिमी सरकते. वस्तू ४५ ऐवजी ४६ मिमीवर धरून पाहावी: `u` −१८.४ होते आणि `v` ३६ वरून ३४.५ वर येते. वस्तू नाभीच्या जवळ जाते तसा हा परिणाम झपाट्याने वाढतो. अशा वेळी आकृतीवरून बाजू, उलट-सुलटपणा आणि अंदाज घ्यावा. आकडा मात्र सूत्रानेच काढावा.

मोबाइल तिरका धरून काढलेल्या फोटोत याहून मोठी गडबड होते. कागदाची जवळची बाजू मोठी आणि दूरची लहान दिसते, त्यामुळे अक्षावरचे प्रमाण जागोजागी बदलते. हे ओळखणे सोपे आहे. भिंगाच्या दोन्ही बाजूंच्या नाभी प्रकाशीय केंद्रापासून सारख्याच अंतरावर असायला हव्यात. डावी ३० मिमीवर आणि उजवी २७ मिमीवर भरली, तर फोटो तिरका आहे. मग पट्टीने मोजलेले `v` खरे धरता येत नाही. पण आकृती चौकटींवर काढलेली असेल तर पट्टी बाजूला ठेवून चौकटी मोजाव्यात. चौकट वाकडी किंवा लहान दिसली तरी तिची संख्या बदलत नाही. वरच्या आकृतीत नाभी ६ चौकटींवर, वस्तू ९ चौकटींवर आणि प्रतिमा १८ व्या चौकटीवर येते. एक चौकट २ सेंमीची, म्हणजे उत्तर थेट ३६ सेंमी. कोऱ्या कागदावरची आकृती असेल तर ती नव्याने काढावी किंवा फोटो बरोबर वरून पुन्हा घ्यावा.

आरशाच्या उदाहरणात चिन्हांचा घोळ अधिक होतो. बहिर्वक्र भिंग आणि अंतर्वक्र आरसा दोघेही प्रकाश एकत्र आणतात, तरी भिंगाचे नाभीय अंतर धन आणि आरशाचे ऋण असते. आरशावरून प्रकाश मागे फिरतो आणि नाभी त्याच्या पुढच्या बाजूला येते, म्हणजे आपाती प्रकाशाच्या उलट दिशेला. सूत्रही वेगळे आहे: `1/v + 1/u = 1/f`, आणि विशालन `M = −v/u`. १२ सेंमी नाभीय अंतराच्या अंतर्वक्र आरशासमोर ८ सेंमीवर वस्तू असेल, तर:

```
1/v = −1/12 + 1/8 = 1/24
v = +24,  M = −24/(−8) = +3
```

`v` धन, म्हणजे इथे प्रतिमा आरशामागे, आभासी, सुलट आणि तिप्पट मोठी. फोटोत परावर्तित किरण आरशासमोर पसरत जाताना दिसतात आणि मागे वाढवलेल्या तुटक रेषा अनेकदा फिकट पडून दिसेनाशा होतात. त्या नसल्या म्हणून ‘किरण छेदत नाहीत, प्रतिमा नाही’ असे उत्तर लिहिले जाते. परावर्तित किरणांवर पट्टी ठेवून त्या रेषा आरशामागे वाढवल्या की छेदबिंदू सापडतो, आणि तो ध्रुवापासून वस्तूच्या तिप्पट अंतरावर असायला हवा. आरसा फार गोलाकार काढला असेल तर किरण ध्रुवाच्या रेषेवर न वळता कमानीवर वळतात आणि छेदबिंदू थोडा सरकतो. सूत्र अक्षाजवळच्या किरणांसाठी असल्यामुळे आकृतीत आरसा ध्रुवातून जाणाऱ्या उभ्या रेषेने दाखवून किरण तिच्यावरच वळवले, तर आकृती आणि सूत्र यांची उत्तरे जुळतात.