‘आंनेफे’नंतर काय येते? फ्रेंच ईमेलमधली जोडशब्दांची शिस्त

फ्रेंच औपचारिक पत्रात वाक्याच्या सुरुवातीचा जोडशब्द पुढे काय येणार हे आधीच सांगून टाकतो. ‘आंनेफे’ दिसले की वाचक मागच्या विधानाचे कारण किंवा पुरावा शोधतो. ‘पारायर’ आले की आधीचा विषय संपून वेगळा मुद्दा सुरू होतो, आणि ‘तुतफ्वा’ म्हणजे आता एखादी अट किंवा अडचण येणार. चुकीचा शब्द पडला, तर व्याकरण निर्दोष असूनही वाचक गोंधळतो.

ल्योंमध्ये भाड्याने राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीतला हीटर बंद पडला आहे, असे समजू. घरमालकाला तो लिहितो: ‘कृपया या आठवड्यात दुरुस्तीसाठी माणूस पाठवावा. आंनेफे, हीटर सोमवारपासून बंद असून रात्री खोलीचे तापमान चौदा अंशांवर येते. माणूस कोणत्याही दिवशी आला तरी चालेल. गुरुवारी तुतफ्वा मी पाचपर्यंत कॉलेजात असेन. पारायर, जानेवारीच्या भाड्याची पावती मला अद्याप मिळालेली नाही, तीही पाठवावी.’

यात विनंती आधी आहे आणि कारण नंतर. मराठी पत्रलेखक बहुधा उलट जातो. अडचणीची हकीकत सांगत सांगत शेवटी ‘तरी कृपया’वर येतो. ती रीतही सुसंगत आहे, पण तिला फ्रेंचमध्ये ‘दोंक’, म्हणजे ‘म्हणून’, लागतो. ‘आंनेफे’ची चाल मागे वळून पाहण्याची. दावा करून झाल्यावर ‘त्याचे असे आहे की’ म्हणत तो आधार पुरवतो. म्हणून त्याच्या आधीच्या वाक्यात ठाम असे काही म्हटलेले असावे लागते. नुसत्या नमस्कारानंतर ‘आंनेफे’ लिहिले, तर त्याला टेकायला काही उरत नाही.

हेच काम ‘कार’ हा शब्दही करतो, मात्र तो सहसा त्याच वाक्यात स्वल्पविरामानंतर येतो. ‘आंनेफे’ने नवे वाक्य सुरू करता येते आणि त्याच्या पुढे स्वल्पविराम देतात. ‘कार आंनेफे’ असे दोन्ही एकत्र लिहिणे म्हणजे द्विरुक्ती; बोलण्यात ते ऐकू येते, पण चोखंदळ वाचकाला खटकते.

इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांची खरी फसगत इथे होते. इंग्रजी ‘इन फॅक्ट’ समोरच्याचे म्हणणे खोडायलाही चालते; ‘आंनेफे’ मात्र दुजोरा देतो. संभाषणात तो एकटाच उच्चारला तर ‘अगदी बरोबर’ असा अर्थ होतो. ‘हीटर दुरुस्त झाल्याचे आपण कळवले आहे. आंनेफे, तो अजून बंदच आहे’ असे लिहिले, तर घरमालकाला होकाराची चाहूल लागते आणि पुढे नकार भेटतो. तिथे ‘प्रत्यक्षात’ या अर्थाचा ‘आंफेत’ हवा. दोन्ही शब्द दिसायला आणि ऐकायला जवळचे, म्हणून ही चूक बरीच टिकून राहते.

‘पारायर’चा अर्थ शब्दकोशात ‘शिवाय’ असा मिळतो आणि तिथेच घोटाळा होतो. थंडीमुळे सर्दी झाली, हे हीटरच्या तक्रारीचेच आणखी एक कारण आहे. ते जोडायला ‘द प्ल्यूस’ किंवा ‘आनूत्र’ योग्य, कारण हे शब्द त्याच युक्तिवादात भर घालतात. ‘पारायर’ बाजूला सरकतो. पावतीचा हीटरशी संबंध नाही, म्हणून तो तिथे शोभतो. पडताळा सोपा आहे: ‘पारायर’चे वाक्य गाळले तरी आधीची मागणी तितकीच भक्कम राहत असेल, तर शब्द बरोबर पडला आहे. मागणी लंगडी होत असेल, तर तो मुद्दा कारणांच्याच रांगेतला होता.

‘तुतफ्वा’ मराठी माणसाला लवकर जमावा, कारण त्याची वागणूक आपल्या ‘मात्र’सारखी आहे. आधीचे विधान तो रद्द करत नाही, फक्त त्याला कुंपण घालतो: कोणताही दिवस चालेल, गुरुवारी मात्र पाचनंतर. ‘मे’, म्हणजे ‘पण’, याहून तो सौम्य आणि अधिक औपचारिक आहे. वाक्यारंभी तो येतोच, पण वाक्याच्या आत क्रियापदानंतरही बसतो, आणि तिथे त्याचा स्वर आणखी मऊ होतो. नकार कळवताना ही जागा उपयोगी पडते.

अर्थात प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर जोडशब्द बसवला की ईमेल परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा वाटू लागतो. दोन वाक्यांतला संबंध उघडच असेल, तर फ्रेंच माणूसही काही लिहीत नाही. वरच्या ईमेलमध्ये ‘माणूस कोणत्याही दिवशी आला तरी चालेल’ हे वाक्य तसेच मोकळे आहे. आणि ‘पारायर’नंतरचा मजकूर दोन-तीन वाक्यांपलीकडे वाढू लागला, तर पावतीसाठी स्वतंत्र ‘ओब्जे’, म्हणजे विषयाची ओळ, देऊन दुसरा ईमेल पाठवणे बरे. नाहीतर घरमालक हीटरचे उत्तर देतो आणि पावती राहून जाते.