रोजच्या बसमधली ओळख आणि फोन नंबर

मंडळी, मागच्या वेळी एकाने विचारलं होतं, "सर, डांगे चौकातून माण फेज 3 ला जाताना एक मुलगी रोज त्याच बसला असते. नंबर कसा मागायचा?" आज तेवढंच बघू.

आधी अडचण कुठे आहे ते समजून घ्या. लग्नात ओळख झाली आणि नाही जमलं, तर परत भेटायची गरज नसते. बसचं तसं नाही. शिफ्टची वेळ ठरलेली, बसही ठरलेली. नकार दिला तर उद्या सकाळी परत समोर तुम्हीच! म्हणून समोरचा माणूस कधीकधी संकोचाने "हो" म्हणतो, किंवा एक आकडा चुकवून नंबर देतो. मग नंबर मागण्यापेक्षा आपला द्यावा, हे मी का सांगतो ते लक्षात येईल.

समजा, दोन-तीन आठवडे थांब्यावर बोलणं होतंय. बस उशिरा आली, हिंजवडीत ट्रॅफिक लागलं, एवढंच. एक दिवस उतरताना म्हणायचं, "माझा नंबर देऊ का? वाटलं तर मेसेज करा, नाहीतर थांब्यावर भेटूच." चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून द्यायचा. चालत्या बसमध्ये, गर्दीत, दहा जणांसमोर नको. तिथे तिला बाजूला होता येत नाही. आणि लगेच मिस्ड कॉल द्यायचा आग्रह तर नकोच, नाहीतर तिचा नंबर तुम्ही घेतल्यासारखंच झालं.

दुसरी चूक जास्त होते. कंपनीच्या बसचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात सगळ्यांचे नंबर दिसतात. तिथून उचलून "हाय" पाठवायचं! तो नंबर तिने बस कुठे पोहोचली हे कळावं म्हणून दिलेला असतो, तुम्हाला नाही.

नंबर तिनेच दिला असेल, तर पहिल्याच मेसेजमध्ये ओळख सांगा: "मी अमुक, 8 च्या बसवाला. आज पोहोचलात का वेळेवर?" एकच मेसेज. उत्तर आलं नाही, तर एकच टिक का, निळ्या टिका का आल्या नाहीत, हे तपासत बसू नका. टिका बंदही ठेवता येतात, त्यावरून मन कळत नाही. उत्तरं यायला लागली, पण फक्त "हो", "ठीक", आणि तिकडून एकही प्रश्न नाही, तर तिथेच थांबा.

इथे कायदाही माहीत असू द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 असं सांगतं, की स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्काचा प्रयत्न केला, तर तो पाठलागाचा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. आधीच्या दंड संहितेतही 2013 पासून हे होतंच.

आणि नकार आला तर? बस बदलायची असेल तर तुम्ही बदला. नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं "बस आली का?" म्हणा, आणि तिने मान वळवली तर खिडकीबाहेर बघा.