आंब्याचा मासा

व्यंगचित्राखाली चित्रकाराने स्वतःच्या हाताने ओळ लिहिली आहे : ‘आजोबा, यंदा आंबा महाग आहे म्हणून नुसता वास घ्या!’ अंक छापायला जाताना ठरतं, की ‘आंबा’च्या जागी ‘मासा’ हवा. हस्ताक्षरासारखा फॉन्ट घेऊन शब्द टाईप केला, तर तो उपरा दिसतो. त्यापेक्षा चित्रकाराची परवानगी घेऊन त्याच ओळीतून अक्षरं उचलावीत.

आधी ६०० डीपीआयला स्कॅन करून मूळ फाईल बाजूला ठेवायची. मग नीट पाहायचं, की बदलायचं नेमकं किती आहे. ‘आंबा’तले दोन्ही काने आणि शिरोरेघ ‘मासा’लाही चालतात. म्हणजे शिरोरेघेखालचे अ आणि ब, आणि वरचा अनुस्वार, एवढंच पुसायचं. अनुस्वार हमखास राहून जातो आणि शब्दाचा ‘मांसा’ होतो! मूळ शिरोरेघ राखली की हाताची थरथर आणि उतार आपोआप टिकतो. नव्याने ओढलेली रेघ फार सरळ येते आणि तिथेच चोरी पकडली जाते.

पूर्ण म एकच आहे, ‘महाग’मध्ये, ‘म्हणून’मधला अर्धा कामाचा नाही. स दोन आहेत. ‘नुसता’मधल्या स शेजारी उकाराचं शेपूट घुसलेलं असतं, म्हणून ‘वास’मधला सुटा स घ्यावा. अक्षर शिरोरेघेखालून लॅसोने कापून नव्या लेयरवर आणायचं आणि लेयर ‘मल्टिप्लाय’वर ठेवायचा, म्हणजे त्याच्याभोवतीचा कागदाचा पांढरा भाग खालची शाई झाकत नाही.

आता जागेचा प्रश्न. अ पेक्षा म अरुंद, म्हणून डावीकडे शिरोरेघ रिकामी लोंबते. म ताणून रुंद करायचा मोह होतो, पण ताणलं की उभी दांडी जाड होते आणि तिरक्या रेघांचा उतार बदलतो. मग एकाच ओळीत दोन पेनं वापरल्यासारखं दिसतं. रेघेचा मधला तुकडा काढून तिचं मूळ टोक उजवीकडे सरकवावं. ‘यंदा’नंतरचं अंतर थोडं वाढलं तरी चालतं, हाताने लिहिताना ते कुठे सारखं असतं?

इथे शब्द सोयीचा मिळाला. ‘मामा’ हवं असतं तर एकच म दोनदा वापरावा लागला असता, आणि हुबेहूब जुळी अक्षरं शेजारी आली की हाताचा भास मोडतो. मग दुसऱ्या म ची गाठ थोडी खोडून पुन्हा काढावी लागते. नसलेलं अक्षर कधी जोडून बनतं : व च्या पोटात तिरकी रेघ दिली की ब, प च्या पोटात दिली की ष. पण भ किंवा ध हवा असेल तर राखलेली शिरोरेघच तोडावी लागते, कारण त्यांच्या डोक्यावर ती खंडित असते.

तपासायला ओळ उलटी फिरवून पाहावी. वाचता येत नाही तेव्हा डोळ्याला फक्त शाई दिसते, आणि एखादं अक्षर गडद किंवा फिकं असेल तर लगेच खुपतं. दोनपेक्षा जास्त शब्द बदलायचे असतील, तर चित्रकाराला फोन करून ओळ पुन्हा लिहून मागावी. वेळ कमी लागतो.