कात कुणी जाळायची?

पंचतंत्रात देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाची एक गोष्ट आहे. मूल व्हावं म्हणून त्यानं यज्ञ केला, बायकोला दिवस गेले आणि जन्माला आला साप. फेकून द्या, असं बाया सांगू लागल्या. आईनं ऐकलं नाही. तिनं त्याला न्हाऊ घातलं, पेटीत ठेवलं, दूध-लोणी देऊन वाढवलं. पुढे शेजारच्या मुलाचं लग्न पाहून ती रडू लागली, तेव्हा देवशर्मा सून शोधायला परगावी गेला. तिथल्या मित्रानं मुलगा न पाहताच आपली मुलगी देऊन टाकली. नवरा साप आहे हे कळल्यावर सगळे तिला पळून जायला सांगत होते. पण कन्या एकदाच दिली जाते, असं म्हणून ती थांबली आणि सापाला दूध पाजू लागली. एका रात्री तिच्या बिछान्यात पुरुष आला. ती घाबरून उठली. तिची खात्री पटावी म्हणून त्यानं पेटीतल्या कातेत शिरून दाखवलं आणि पुन्हा बाहेर आला. सकाळी सासऱ्यानं ती कात उचलली आणि आगीत टाकली. मुलगा कायमचा माणूस झाला.

शापित जोडीदाराच्या गोष्टी जगभर आहेत. कुठे नवरा डुक्कर असतो, कुठे अस्वल, कुठे बेडूक. लोककथांच्या अभ्यासकांनी त्यांचं वर्गीकरण केलं आहे आणि हरवलेल्या नवऱ्याच्या शोधाच्या कथांना 425 हा क्रमांक दिला आहे. प्रेमानं कुरूप माणूस सुंदर होतो, असा त्यांचा अर्थ सहसा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. पशूचा माणूस होताना निर्णय कुणाच्या हातात होता, हे पाहिल्याशिवाय या गोष्टी उलगडत नाहीत. देवशर्म्याच्या गोष्टीत मुलगी दिली बापानं आणि कात जाळली सासऱ्यानं. सुनेच्या वाट्याला आला फक्त धीर.

नॉर्वेची पांढऱ्या अस्वलाची गोष्ट याच्या उलट्या दिशेनं जाते. गरीब शेतकऱ्याची मुलगी अस्वलासोबत त्याच्या महालात राहते. रात्री अंधारात तिच्याशेजारी माणूस येऊन झोपतो, पण तिनं त्याला पाहायचं नसतं. आईच्या सांगण्यावरून ती मेणबत्ती लावते, वाकून पाहते आणि चरबीचे तीन थेंब त्याच्या सदऱ्यावर पडतात. वर्षभर थांबली असतीस तर मी सुटलो असतो, असं म्हणून तो निघून जातो. आता त्याला एका लांब नाकाच्या राक्षसकन्येशी लग्न करावं लागणार असतं. मग ही मुलगी वाऱ्याच्या पाठीवर बसून जगाच्या टोकाला पोचते. शेवटची परीक्षा असते सदरा धुण्याची. राक्षसिणी घासतात तसतसा तो काळा होत जातो. हिच्या हातात पांढराशुभ्र होतो. इथे शाप तुटतो तो तिच्या पायपिटीनं आणि कष्टानं. तरीही एक गोष्ट मनात खुपते. आपल्या शेजारी कोण झोपतं हे पाहावंसं वाटणं, एवढाच तिचा अपराध होता.

आज आपण ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ म्हणून ओळखतो ती गोष्ट लोकांच्या तोंडून थेट आलेली नाही. ती 1740 मध्ये फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह या लेखिकेनं लिहिली. तिच्या वर्गातल्या मुलींची लग्नं बाप ठरवत, कराराने, कित्येकदा वयानं बऱ्याच मोठ्या आणि कधी न पाहिलेल्या पुरुषाशी. स्वतः व्हिलनव्हचा नवरा लष्करी अधिकारी होता. त्यानं पैसा उधळला, म्हणून लग्नानंतर लवकरच तिनं आपली मालमत्ता वेगळी करून मागितली होती. अशा वाचकांना अनोळखी पशूच्या घरी धाडलेली मुलगी फार परकी वाटली नसावी.

तिच्या गोष्टीतला पशू मुलीला रोज रात्री विचारतो, मी तुझ्यापाशी झोपू का? ती नाही म्हणते आणि तो निमूट निघून जातो. पुढे 1756 मध्ये मादाम ल प्रँस द बोमाँ या शिक्षिकेनं ही लांबलचक कथा छाटून लहान मुलींसाठी लिहिली, तेव्हा प्रश्न बदलला: माझी बायको होशील का? जगभर पसरली ती हीच आवृत्ती. प्रश्न सभ्य झाला, पण गाभा तोच राहिला. ताकदवान पशू विचारतो, नकार ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच नम्रपणे विचारतो. शापाची अटच अशी आहे की मुलीनं स्वखुशीनं होकार द्यायला हवा. म्हणून इथे जाळायला कात नाही. सासरा, आई किंवा परी, कुणीही बाहेरून शाप तोडू शकत नाही.

मुलगी माहेरी येते तेव्हा बोमाँ तिच्या दोन बहिणींचे संसार दाखवते. एकीचा नवरा देखणा, पण दिवसभर स्वतःच्याच रूपात गुंग. दुसरीचा बुद्धिमान, पण ती बुद्धी तो सगळ्यांना, विशेषतः बायकोला, टोचायला वापरतो. पशूजवळ रूप तर नाहीच, बुद्धी दाखवायलाही परीनं त्याला मनाई केलेली आहे. त्याच्याकडे उरतो फक्त चांगुलपणा. मुलगी स्वतःशी विचार करते तोही भाबडा नाही. त्याच्याबद्दल मला प्रेम वाटत नाही, पण आदर, स्नेह आणि कृतज्ञता वाटते, असं ती मनाशी कबूल करते. ठरल्यापेक्षा जास्त दिवस माहेरी राहिल्यावर तिला स्वप्नात मरणासन्न पशू दिसतो. ती परत येते, बेशुद्ध पडलेल्या त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडते आणि लग्नाला हो म्हणते. तोवर तो पशूच असतो. माणूस होणं हे होकाराच्या नंतर येतं.

कैदेत ठेवलेल्या मुलीच्या होकाराला काय अर्थ, असं अनेक वाचक विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बापाच्या जिवाच्या बदल्यातच ती तिथे आलेली असते. बोमाँला हे अवघड जागी दुखत असावं, कारण होकाराच्या आधी तिनं मुलीला महालातून बाहेर जाऊ दिलं. माहेरी तिला अडवणारं कुणी नसतं. परत जायचं ते तिच्याच मनावर असतं. रागीट, मारकुट्या नवऱ्याला बायकोनं प्रेमानं सुधारावं, असा बोध या गोष्टीतून काढणारे हे विसरतात की हा पशू पूर्ण गोष्टीत तिच्यावर एकदाही हात उगारत नाही. सुधारावा लागेल असा त्याचा स्वभाव नाहीच. बदलायची असते ती तिची नजर.

समोर राजपुत्र उभा राहतो तेव्हा ती आनंदानं उडी मारत नाही. ती विचारते, पशू कुठे आहे? तिनं ज्याला निवडलं तो तिला दिसत नसतो. व्हिलनव्हनं तर गोष्ट याच्याही पुढे नेली होती. शाप सुटल्यावर राजपुत्राची आई येते आणि व्यापाऱ्याची मुलगी सून म्हणून नको म्हणते. मुलाला पशूच्या रूपातून सोडवणारी ही, पण कुळ कमी पडतं. ही मुलगी मुळात राजाची आणि परीची आहे असं उघड होतं, तेव्हा कुठे राणी निवळते. बोमाँनं हा सगळा भाग कापून टाकला. तिची नायिका शेवटपर्यंत व्यापाऱ्याचीच मुलगी राहते, आणि तिला कुणी कुळ विचारत नाही.